पावसाळ्यात ऑफिसला जाताना सुती की सिंथेटिक?

प्रश्न: "रोज पंधरा मिनिटं चालणं, मग गर्दीची बस, मग दिवसभर एसी ऑफिस. सुती टी-शर्ट घातला तर दुपारपर्यंत ओलसर राहतो आणि थंडी वाजते. खेळाचा पॉलिएस्टर टी-शर्ट घेतला, तो लवकर वाळतो, पण संध्याकाळी वास येतो. घरचे म्हणतात सुतीच बरं. पावसाळ्यात नक्की काय घालावं?"

आधी थेट सांगतो. वर पातळ सुती किंवा पॉलिकॉटनचा शर्ट, खाली पातळ सिंथेटिक पँट, आणि बॅगेत एक कोरडा सुती शर्ट. जाड होजिअरीचा सुती टी-शर्ट आणि डेनिमची पँट, हे दोन्ही पाऊस संपेपर्यंत कपाटात ठेवा. तुमचं बिघडलंय ते सुती कापडामुळे कमी आणि जाड कापडामुळे जास्त, असं मला वाटतं. कापड तपासणीच्या कामात इतकी वर्षं गेल्यावर माझं मत असं झालंय की पावसाळी कपडा घेताना लोक धागा बघतात आणि जाडी बघायची विसरतात.

रस्त्यावर काय होतं ते आधी बघू, कारण तिथे दोन्ही कापडांची अवस्था जवळपास सारखीच असते. घाम किती वेगाने उडेल हे त्वचेलगतचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्यातल्या फरकावर ठरतं. ओल्या त्वचेचं तापमान ३४ अंश धरलं तर तिथला बाष्पदाब ५.३ किलोपास्कलच्या आसपास असतो. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर हवेत आधीच ३.४ आहे, म्हणजे फरक उरला जेमतेम दोनचा. त्याच २८ अंशांना आर्द्रता ४० टक्के असती तर हवेत १.५ असतं आणि फरक जवळजवळ चारचा झाला असता. थोडक्यात, पावसाळ्यात घाम निम्म्याच वेगाने उडतो, तोही वारा तेवढाच असेल तर. गर्दीच्या बसमध्ये वारा नाही आणि शेजारच्या प्रत्येकाचा घामही त्याच हवेत मिसळतोय. अशा वेळी अंगात काहीही असो, शर्ट ओला होणारच. "घाम येताच वाळतो" असं छापलेलं लेबल त्या बसमध्ये काही कामाचं नाही. त्या कापडाची चाचणी साधारणपणे २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या आसपास ठेवलेल्या खोलीत झालेली असते.

खरा फरक पडतो तो तुम्ही ऑफिसात शिरल्यावर. तिथे २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरा. हवेतला बाष्पदाब दीडवर येतो आणि फरक पुन्हा चारच्या जवळ जातो. शर्टातलं पाणी आता दुप्पट वेगाने उडायला लागतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात. समजा तुमच्या टी-शर्टात १०० ग्रॅम पाणी आहे, म्हणजे अर्ध्या कपाहूनही कमी. ते तासाभरात वाळायचं तर २४० किलोज्यूल हवेत, म्हणजे सतत ६७ वॅट. बसून काम करणाऱ्या माणसाचं शरीर एकूण १०० वॅटच्या आसपास उष्णता तयार करतं. ही सगळी उष्णता काही अंगातूनच जात नाही, थोडी खोलीतल्या हवेतूनही येते; पण एवढा हिशोब पाहिला की एसीखाली हुडहुडी का भरते ते कळतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा की ऑफिसच्या दारात शिरताना माझ्या अंगावरच्या कापडात किती ग्रॅम पाणी आहे?

आता धाग्याकडे येऊ. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. फरक मोठा आहे, पण तो धाग्याच्या आत शिरलेल्या बाष्पाचा आहे. घामाने किंवा पावसाने कपडा चिंब होतो तेव्हा बहुतेक पाणी धाग्याच्या आत नसतं, तंतूंच्या मधल्या फटींमध्ये असतं. फटी पॉलिएस्टरमध्येही असतात. जाड पॉलिएस्टरचा टी-शर्ट पातळ मलमलीपेक्षा जास्त पाणी धरू शकतो. आणि एकदा पाणी धरलं की ते उडायला लागणारी उष्णता दोन्हीकडे सारखीच. पॉलिएस्टरवरचं पाणी काही वेगळं पाणी नसतं. सिंथेटिक कपडा लवकर वाळतो तो मुख्यतः आत पाणी कमी मावतं म्हणून.

हे घरच्या वजनकाट्यावर तपासता येतं आणि एकदा करून बघाच. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. कोरडा शर्ट मोजा, पाण्यात बुडवा, ज्या जोराने रोज पिळता त्याच जोराने पिळा, परत मोजा. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या शर्टाची पाणी धरायची कुवत. १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम भरणारा, होजिअरीचा सुती टी-शर्ट साधारण २०० ग्रॅमचा असतो आणि मशीनमध्ये स्पिन केल्यावरही त्यात जवळपास निम्म्या वजनाइतकं, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास पाणी राहतं. ११० जीएसएमच्या पॉपलिनच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कापड थोडं जास्त लागतं, तरी तो १६० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि पाणीही त्याच प्रमाणात कमी. पातळ पॉलिएस्टर याच्याही बरंच खाली असतं. नवा शर्ट घेताना जीएसएम लिहिलेलं नसेल तर तो उजेडासमोर धरा. हाताची बोटं अंधुक दिसली तर पावसाळ्यासाठी ठीक, अजिबात दिसली नाहीत तर जाड. फिकट रंगाचा पातळ शर्ट भिजल्यावर पारदर्शक होतो ही अडचण खरी आहे. त्यासाठी आत बनियन चढवण्यापेक्षा गडद किंवा बारीक छापाचं कापड घ्या. बनियन घातलं की दोन थर झाले आणि पातळ शर्टाचा सगळा फायदा गेला.

सुती कापडाची एक गोष्ट मात्र पॉलिएस्टरमध्ये नाही. सुती तंतू पाणी पिऊन फुगतो. घट्ट विणलेलं सुती कापड घ्या, कोरडं असताना तोंडाला लावून फुंका. हवा पलीकडे सहज जाते. मग तेच भिजवून, पिळून, परत फुंका. फुंकर अडते. तंतू फुगून फटी आवळल्या आणि उरलेल्या फटींवर पाण्याचा पडदा बसला. "सुती कापड श्वास घेतं" असं म्हणतात ते कोरड्या सुतीबद्दल बरोबर आहे. चिंब सुती कापड गळा आवळल्यासारखंच वागतं. सैल विणीचं पॉलिएस्टर असंच भिजवून फुंका: पाण्याचा पडदा त्यावरही येतो, पण एकदा झटकलं की फाटतो, कारण तंतू फुगलेला नसतो. त्यामुळे सुती घ्यायचं तर सैल विणीचं घ्या. मलमलीच्या जातीचं चालेल. ट्विल आणि जाड ऑक्सफर्ड विणीचे शर्ट पावसाळ्यात नकोतच. आणि कांजी नको. स्टार्चने फटी अर्ध्या भरून जातात आणि घामाशी मिसळून कापड चिकट होतं.

मग सरसकट पॉलिएस्टरच का नको? वासामुळे, आणि तुमची तक्रार अगदी रास्त आहे. पॉलिएस्टरला पाणी आवडत नाही, तेल आवडतं. त्वचेचं तेल आणि घामातले तेलकट घटक त्याला धरून बसतात, आणि साध्या गार पाण्याच्या धुण्यात पुरते निघत नाहीत. २०१४ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी व्यायामानंतरच्या कपड्यांची तुलना केली, तेव्हा पॉलिएस्टर सुतीपेक्षा उग्र वासाचं निघालं आणि वास तयार करणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू त्याच्यावर जास्त वाढलेले आढळले. सुती कापड वासाचे घटक स्वतःत शोषून घेतं, म्हणून दिवसभर कमी दर्प येतो. सुती कपड्याचा त्रास वेगळा आहे: तो अंगावर नाही, दोरीवर कुबट होतो. त्याकडे शेवटी येतो.

या दोन्हींमधला रस्ता म्हणजे पॉलिकॉटन. लेबलवर ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के कॉटन असेल तर ओलावा धरण्याचं प्रमाण साधारण तीन टक्क्यांवर येतं, सुरकुत्या कमी पडतात, रात्रीत वाळतो, आणि वास निव्वळ पॉलिएस्टरपेक्षा सुसह्य राहतो. ऑफिसात शर्ट घालावा लागणाऱ्यासाठी हे मला सगळ्यात व्यवहारी वाटतं. पण काखेत घाम जास्त येत असेल, किंवा तुमच्या घामाला मुळातच वास जास्त असेल, तर निव्वळ सुती पातळ शर्ट घ्या आणि ऑफिसात बदला. काहींच्या अंगाला पॉलिकॉटन चालतं, काहींच्या नाही. याचा अंदाज आठवडाभर घालूनच येतो.

खेळाचे टी-शर्ट घाम पसरवतात याबद्दल दोन शब्द, कारण तुमच्याकडे तो आहेच. त्यातला पॉलिएस्टर पाणी पीत नाही, तरी तंतूंच्या मधल्या बारीक नळ्यांतून घाम ओढला जातो आणि मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. पसरलेला घाम लवकर उडतो. हे सगळं तंतूची घडण आणि त्यावर चढवलेल्या एका पाणीमित्र लेपावर चालतं, आणि हा लेप स्वस्त मालात धुण्यागणिक उतरत जातो. तपासायचं असेल तर टी-शर्ट उलटा करून सपाट पसरा आणि आतल्या बाजूवर बोटाच्या टोकाने पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब दोन-तीन सेकंदांत चमक हरवून पसरला तर कापड काम करतंय. मण्यासारखा उभा राहिला तर त्या टी-शर्टात घाम कापडात न शिरता अंगावरून ओघळणार. लेप शाबूत असूनही थेंब उभा राहत असेल तर बहुतेक वेळा दोष फॅब्रिक कंडिशनरचा असतो. कंडिशनर तंतूंवर मेणचट थर सोडतो. तो बंद करा, कोमट पाण्यात फक्त डिटर्जंट घालून धुवा आणि थेंब पुन्हा टाकून बघा. बरेचदा कापड सुधारलेलं दिसतं.

पँटबद्दल मी जरा हट्टी आहे. कंबरेच्या खाली घाम कमी आणि रस्त्यावरचं पाणी जास्त, शिवाय वासाचा प्रश्न पायांना फारसा येत नाही. म्हणजे पॉलिएस्टरचा मुख्य तोटा इथे लागू होत नाही आणि फायदा पुरेपूर मिळतो. पातळ पॉलिएस्टर-व्हिस्कोजची फॉर्मल पँट किंवा नायलॉनची ट्रॅव्हल पँट, दोन्ही चालतात. नायलॉन लवकर वाळतं, व्हिस्कोज मिसळलेली दिसायला ऑफिसला शोभते पण थोडी सावकाश वाळते, कारण व्हिस्कोज सुतीपेक्षाही जास्त पाणी पितं. डेनिम मात्र नको. साधी जीन्स चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास असते. गुडघ्यापर्यंत भिजली की ती पाणी वर ओढत जाते, आणि शिवणीजवळ जिथे तीन-चार थर एकावर एक येतात तिथे संध्याकाळीही ओलीच असते. मांड्यांच्या आत काचतं ते याच शिवणींमुळे. ओल्या त्वचेवर ओल्या कापडाचं घर्षण कोरड्यापेक्षा बरंच जास्त असतं, आणि रोज त्याच जागी चालून-चालून कातडी सोलवटते. लेगिंगवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं: बाजारात मिळणारी बरीचशी लेगिंग सुती-इलॅस्टेनची, जाड विणीची आणि अंगाला चिकटलेली असते, म्हणजे भिजल्यावर तिला वाळायला वावच नसतो. सैल, पातळ पँट तिच्यापेक्षा कधीही सरस.

आतल्या कपड्यांसाठी कापडापेक्षा बदलणं महत्त्वाचं. तिथे वारा पोचत नाही, त्यामुळे काहीही घातलं तरी ओलावा अडकतो. पातळ, नीट बसणारे घ्या आणि ऑफिसात पोचल्यावर भिजले असतील तर बदला. मोज्यांचंही तेच. जांघेत गोल, खाजरा, कडेने लाल चट्टा उठला असेल तर कापड बदलून तो जाणार नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि दुकानातून आपल्या मनाने स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका, त्याने बुरशी आणखी पसरते.

रेनकोटवर थोडक्यात. प्लास्टिकचा लेप असलेल्या रेनकोटात बाष्प बाहेर जात नाही, त्यामुळे पावसाने नाही भिजलात तरी घामाने भिजता. श्वास घेणारे महागडे रेनकोट आत-बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकावरच चालतात, आणि वर पाहिलं तसं दमट हवेत तो फरक लहान असतो, म्हणून त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पंधरा मिनिटं चालायचं असेल आणि वारा फार नसेल तर मोठी छत्री बरी. शर्ट निदान घामाने तरी कमी भिजतो.

आता ऑफिसात पोचल्यावरचं. बॅगेतला कोरडा सुती शर्ट घाला. इथे सुतीच, कारण आता घाम थोडाच येणार आहे आणि तेवढा टिपायला सुतीसारखं कापड नाही. बदलण्याआधी पाठ, काख आणि मान छोट्या पंचाने कोरडी करा. ही पायरी गाळली तर नवा शर्टही दहा मिनिटांत पाठीला चिकटतो. उतरवलेला शर्ट पिशवीत कोंबू नका. खुर्चीच्या पाठीवर किंवा हँगरला, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा टांगा. एसीची हवा कोरडी असते. सकाळी दमट असलेला पातळ शर्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाळतो, आणि परतीच्या प्रवासात तोच घाला, म्हणजे चांगला शर्ट दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

घरी वाळवण्याचा हिशोब सगळ्यात जास्त लोकांना चकवतो. दोरीवरच्या ओल्या कापडाला अंगाची उष्णता मिळत नाही, त्यामुळे ते हवेपेक्षा थोडं गार पडतं आणि बाष्पदाबाचा फरक फारच लहान होतो. २८ अंशांना आर्द्रता ६५ टक्क्यांवरून ९० वर गेली तर हा फरक साधारण चौपटीने घटतो. म्हणजे जो शर्ट चार तासांत वाळायचा त्याला आता सोळा तास लागतात. इतका वेळ ओलं राहिलेल्या कापडात मोराक्सेला नावाचे जिवाणू वाढतात आणि तो ओळखीचा कुबट वास येतो. सुती कपडा इथे मार खातो, कारण मशीनमधून निघतानाच त्यात पाणी जास्त असतं. उपाय दोन, आणि दोन्ही स्वस्त. पहिला, धुणं संपल्यावर स्पिन पुन्हा एकदा लावा आणि मशीनमध्ये थोडेच कपडे असतील असं बघा. दुसरा, कपडे वितभर अंतराने टांगा आणि त्यांच्यावर पंखा सोडा. ओल्या कापडालगतची भिजलेली हवा सतत हटत राहिली तर वेळ बराच कमी होतो. बंद खोलीत नुसता पंखा पुरत नाही, खोलीतली हवाच भरून जाते. खिडकीची फट ठेवा.

कुबट वास एकदा बसला की साध्या धुण्याने जात नाही. सुती कपड्याला लेबलवर चालत असेल तर ६० अंशांचं पाणी द्या. पॉलिएस्टरला एवढं गरम पाणी सहसा लेबलवर नसतं. ४० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पूड, घालून तासभर भिजवा, मग उलटा करून धुवा. क्लोरीनचं ब्लीच इलॅस्टेन असलेल्या कपड्याला लावू नका, ताण जातो. आणि पॉलिएस्टरचा टी-शर्ट घामेजला की त्याच संध्याकाळी धुवा, निदान खळबळून टांगा. बादलीत दोन दिवस पडला की तेल आणि जिवाणू दोन्ही मुरतात.

बॅगेतला सुटा शर्ट इस्त्री करून लगेच पिशवीत घालू नका. इस्त्रीच्या वाफेने कापड किंचित दमट आणि गरम असतं. पिशवीत बंद झाल्यावर तीच वाफ घडीत बसते. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं टांगा, थंड झाला की घडी घालून झिपच्या पिशवीत ठेवा, आणि छोटा पंचा त्याच पिशवीत नाही, वेगळ्या पिशवीत ठेवा.